भिंतीपाशी फट ठेवलेला बार आणि थर्मल स्ट्रेसची सुरुवात

एका टोकाला पक्का बसवलेला धातूचा बार, दुसऱ्या टोकासमोर भिंत, आणि त्या टोकात नि भिंतीत अगदी बारीक फट. बार तापवला की त्यात स्ट्रेस नेमका कोणत्या तापमानाला सुरू होतो, हा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येणारा प्रश्न. दिसायला सोपा आहे, पण इथे निम्मी पोरं σ = EαΔT लावून मोकळी होतात, कारण डोक्यात एवढंच बसलेलं असतं की तापवलं म्हणजे स्ट्रेस आला. तसं नसतं. नुसतं तापवल्याने (सगळीकडे सारखं तापवलं असेल तर) बारात काहीच स्ट्रेस येत नाही, तो फक्त लांब होतो. स्ट्रेस येतो तो लांब व्हायला अडवल्यामुळे, आणि फट बुजेपर्यंत अडवणारं कुणी नसतंच.

म्हणून पहिलं काम म्हणजे फट कधी बुजते ते काढायचं. बार मोकळा असताना त्याची वाढ αLΔT, ती फटीएवढी म्हणजे δ एवढी झाली की टोक भिंतीला टेकलं. त्यावरून टेकायला लागणारी तापमानवाढ:

ΔT₀ = δ / (αL)

यात E कुठेच नाही हे बघा. बार किती कडक आहे, किती जाड आहे, याचा टेकण्याच्या क्षणाशी काही संबंध नाही, फक्त लांबी, फट आणि धातू किती प्रसरण पावतो एवढंच चालतं.

आता एक उदाहरण आकडे घालून करू. ॲल्युमिनियमचा बार, लांबी ५०० मिमी, २५ अंश सेल्सिअसला मोजलेली फट ०.३ मिमी, म्हणजे फिलर गेजची पाती जेमतेम सरकेल इतकीच. ॲल्युमिनियमचा α साधारण २३ × १०⁻⁶ प्रति अंश, E ७० गिगापास्कल. बार दर अंशाला ०.०११५ मिमी वाढतो, मग ०.३ मिमी भरायला २६ अंश लागतात, म्हणजे ५१ अंशाला टोक टेकलं. तोपर्यंत स्ट्रेस शून्य.

समजा बार ८५ अंशापर्यंत नेला. भिंत नाहीच असं धरलं तर ६० अंशांत तो ०.६९ मिमी वाढला असता. जागा होती ०.३ मिमीची, म्हणजे ०.३९ मिमी भिंतीने मागे दाबली. ०.३९ ला ५०० ने भागलं की दाबलेला स्ट्रेन ०.०००७८, गुणिले E म्हणजे ५४.६ मेगापास्कल, कॉम्प्रेशनमध्ये. सूत्रात लिहायचं तर

σ = E(αΔT − δ/L), पण ΔT > ΔT₀ असेल तरच

ही शेवटची अट विसरली की गंमत होते. २५ वरून फक्त ४० अंशापर्यंत तापवलेल्या बाराला हेच सूत्र लावलं तर कंसातलं उत्तर ऋण येतं, आणि मग कुणीतरी बिनधास्त लिहून टाकतं की बारात १८ मेगापास्कलचं टेन्शन आहे. भिंत ढकलू शकते, ओढू शकत नाही. उत्तर ऋण आलं याचा अर्थ एवढाच की अजून टेकलेलं नाही, स्ट्रेस शून्य लिहा आणि पुढे चला.

या गणितातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे स्ट्रेन आणि स्ट्रेसची अदलाबदल. ५१ अंशापर्यंत बाराची लांबी वाढतेय, म्हणजे स्ट्रेन वाढतोय, आणि स्ट्रेस शून्यावर बसलेला. टेकल्यावर बरोबर उलटं, भिंत हलत नसेल तर बाराची लांबी ५००.३ मिमीवर अडकली, मोजता येणारा स्ट्रेन ०.०००६ वर थांबला, आणि स्ट्रेस मात्र दर अंशाला १.६१ मेगापास्कलने चढत जातो. लोड सेल लावून तापमानाविरुद्ध ग्राफ काढला तर आधी सपाट रेघ आणि मग एकदम चढ दिसतो, तो कोपरा म्हणजे टेकण्याचं तापमान. प्रत्यक्षात कोपरा थोडा गोलसर येतो, कारण टोकाचा पृष्ठभाग भिंतीला तंतोतंत समांतर नसतो, आधी एक कड टेकते आणि मग बाकीचं.

जाडीचं काय? स्ट्रेसच्या सूत्रात क्षेत्रफळ नाही, म्हणून बार २० × २० मिमीचा चौकोनी असो की १० मिमीचा गोल, ८५ अंशाला ५४.६ मेगापास्कलच यायला हवा. भिंतीवरचा जोर मात्र बदलतो, चौकोनी बार जवळपास २१.८ किलोन्यूटनने ढकलतो, म्हणजे दोन टनांच्या वर. आणि १० मिमीचा गोल बार तिथपर्यंत पोचतच नाही. त्याला ८५ अंशाला ४.३ किलोन्यूटन सोसायला लागेल, पण एक टोक फिक्स आणि टेकलेलं टोक बिजागरीसारखं धरलं तर ऑयलरच्या हिशोबाने तो २.८ किलोन्यूटनच्या आसपासच बकल होतो, म्हणजे साधारण ७३ अंशाला बाजूला वाकायला लागतो. त्यामुळे बारीक बारात स्ट्रेस काढून यील्डशी ताडून "सेफ" लिहून टाकणं पुरेसं नाही, बकलिंग बघावंच लागतं.

दुसरी मेख भिंतीची. पुस्तकातली भिंत हलत नाही आणि तापतही नाही, खऱ्या मशीनमध्ये बार बहुतेक वेळा एखाद्या फ्रेममध्ये असतो आणि फ्रेमही त्याच्यासोबत तापते. वरचाच बार स्टीलच्या फ्रेममध्ये असेल आणि दोघं एकाच तापमानाला असतील तर फ्रेमसुद्धा १२ × १०⁻⁶ ने वाढते, फट बुजवायला उरतो फक्त दोघांच्या α मधला फरक, ११ × १०⁻⁶. मग टेकायला २६ नाही तर जवळपास ५५ अंश लागतात, म्हणजे ५१ च्या जागी ८० अंशाला स्ट्रेस सुरू. फ्रेमही ॲल्युमिनियमची असेल तर फट बुजणारच नाही. शिवाय फट कुठल्या तापमानाला मोजली हे लिहून ठेवलं नसेल तर बाकीचं गणित कितीही बिनचूक करा, उपयोग नाही, कारण इथे दहा अंशांचा फरक म्हणजे ०.११५ मिमी, फटीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

रेल्वेचे जुने फिशप्लेट जोडलेले रूळ हा याच गणिताचा मोठा नमुना. भारतात रुळाची ठरलेली लांबी १३ मीटर, रुळाच्या स्टीलचा α ११.५२ × १०⁻⁶ धरतात, म्हणजे ६ मिमी गॅप भरायला बरोबर ४० अंशांची वाढ लागते. पण इथे रूळ मोकळा नसतो, फिशप्लेटचे बोल्ट आणि स्लीपर त्याला घर्षणाने धरून ठेवतात, त्यामुळे गॅप बुजायच्या आधीपासूनच थोडा स्ट्रेस असतो आणि वरचा सपाट रेघेचा भाग तितका सपाट राहत नाही. गॅपमध्ये खडी किंवा लोखंडाची कीस अडकली तर टेकण्याचं तापमान आणखी खाली येतं. लांब वेल्डेड रुळात तर मधल्या लांबीत गॅपच नसतो, δ शून्य, आणि रूळ ज्या तापमानाला पक्का केला तिथून पहिल्या अंशापासून स्ट्रेस सुरू होतो, मीटरला ६० किलो वजनाच्या एका रुळात दर अंशाला सुमारे १.९ टन जोर.