क्रियापद कुणाचं ऐकतं? 'अटक केले' आणि कर्मणी-भावेची भानगड

'पोलिसांनी तिघांना अटक केले.' हे वाक्य आता इतक्या ठिकाणी वाचायला मिळतं की ते चूक आहे हेच बऱ्याच जणांना खटकत नाही. पाहिजे 'अटक केली'. पण तेच पोलिसांनी तिघांना ताब्यात घेतलं, तर तिथं मात्र 'घेतले' अगदी बरोबर. पोलीस तेच, तिघं तेच, तरी एकदा 'ली' आणि एकदा 'ले', असं का?

शाळेत आपल्याला एक युक्ती शिकवलेली असते. कर्त्याचं लिंग-वचन बदलून बघा, क्रियापद बदललं तर कर्तरी, कर्म बदलल्यावर बदललं तर कर्मणी, कशानंच बदललं नाही तर भावे. युक्ती चांगली आहे, चार मार्कांचा प्रश्न सुटतो. पण लिहिताना अडचण वेगळी असते, तिथं वाक्य आयतं बरोबर दिलेलं नसतं, क्रियापद काय लावायचं तेच ठरवायचं असतं, आणि त्यात डोक्यात एक पक्का गैरसमज बसलेला असतो की क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं.

मराठी क्रियापदाला कर्ता कोण, कर्म कोण याच्याशी तसं थेट देणंघेणं नाही. ते बघतं की वाक्यात प्रत्यय न लागलेलं, मोकळं नाम कुठलं आहे. कर्ता मोकळा असेल तर कर्त्याशी जुळतं: राम चिंच खातो, सीता चिंच खाते. कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागला की तो बाद, मग कर्म मोकळं असेल तर त्याच्याशी: रामाने चिंच खाल्ली, सीतेने आंबा खाल्ला. आणि कर्मालाही 'ला' किंवा 'ना' लागला की जुळायला कुणीच उरत नाही, मग क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं: रामाने सीतेला पाहिलं, सीतेने रामाला पाहिलं, मुलांनी वाघांना पाहिलं. कर्तरी, कर्मणी, भावे म्हणजे मुळात एवढंच.

आता 'अटक' बघा. 'तिघांना' प्रत्ययाखाली गेलं, पण 'अटक' हे नाम मोकळंच आहे आणि ते स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'केली'. 'ताब्यात घेतलं' मध्ये 'ताबा' ला 'त' लागलाय, मोकळं काहीच नाही, म्हणून 'घेतलं'. 'डॉक्टरांनी रुग्णाला तपासलं' पण 'रुग्णाची तपासणी केली', 'त्याने मला वाचवलं' पण 'मला मदत केली', सगळं याच हिशोबात बसतं. 'ला' दिसला की भावे, असं धरून चालणारे नेमके इथं फसतात. आईने मुलांना खाऊ दिला, इथं 'मुलांना' असूनही प्रयोग कर्मणीच आहे कारण खाऊ मोकळा आहे.

हे असं का झालं ती गोष्ट मला या सगळ्यात जास्त आवडते, त्यामुळं इथं जरा रेंगाळतो.

भूतकाळातला आपला 'ल' मुळात क्रियापदाचा नाहीच, तो विशेषणाचा आहे. संस्कृतात 'रामेण आम्रः खादितः' म्हणजे रामाकडून आंबा खाल्लेला. यातलं 'खादित' हे आंब्याचं विशेषण, म्हणून आंब्याचं लिंग-वचन घेतं, आणि राम बिचारा तृतीयेत. पुढं प्राकृतात अशा रूपांना 'इल्ल' सारखा प्रत्यय चिकटायला लागला आणि त्यातून मराठीचा 'ल' आला. 'खाल्लेला आंबा' आणि 'आंबा खाल्ला' शेजारी ठेवून बघा, नातं अजून दिसतं. विशेषण नामाप्रमाणे बदलणारच, चांगला मुलगा, चांगली मुलगी, तसं खाल्ला आंबा, खाल्ली चिंच. म्हणजे कर्मणी प्रयोगात क्रियापद काही विचित्र वागत नसून जुन्या विशेषणाची सवय पाळतंय.

मग 'राम गेला' कर्तरी कसं? कारण संस्कृतातही जाण्यायेण्याच्या धातूंचं हे रूप कर्त्याचं विशेषण व्हायचं, 'रामः गतः'. वर्तमानकाळातला 'खातो' चा 'त' सुद्धा जुन्या विशेषणातूनच आलाय, पण ते 'खाणारा, खात असलेला' अशा अर्थाचं म्हणजे करणाऱ्याचं विशेषण, म्हणून तिथं क्रियापद करणाऱ्याशी जुळतं. 'खावा' चा 'आवा' आला संस्कृत 'तव्य' वरून, तो पुन्हा कर्माकडं बघणारा, म्हणून रामाने आंबा खावा, चिंच खावी, आणि कर्मच नसेल तर रामाने घरी जावं, सीतेने घरी जावं, सरळ भावे. याची उलट बाजू बघायची तर भविष्यकाळ घ्या. तो खाईल, ती खाईल, लिंगाचा पत्ताच नाही, कारण हे रूप विशेषणातून आलं नाही, जुन्या खऱ्याखुऱ्या क्रियापदातून आलं, आणि संस्कृत क्रियापदाला पुरुष आणि वचन असतं, लिंग नसतं.

(संस्कृतचा विषय निघाला की कुणीतरी 'नासाने संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा ठरवली' वाला मेसेज फॉरवर्ड करतोच. रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने १९८५ साली संस्कृत व्याकरणाची पद्धत आणि कॉम्प्युटरमध्ये ज्ञान मांडण्याची पद्धत यांची तुलना करणारा एक लेख लिहिला होता, त्याचं फुगवून हे झालंय. नासाने भाषांची स्पर्धा वगैरे काही घेतली नव्हती.)

आता 'मी' ची शंका येणारच. 'मी चिंच खाल्ली' मध्ये 'मी' ला प्रत्यय दिसत नाही, मग क्रियापद 'मी' शी का जुळत नाही? कारण हा 'मी' पूर्वी 'म्यां' होता आणि 'तू' चा 'त्वां'. जुनी मराठी कागदपत्रं चाळली तर 'म्यां लिहिलें' असं भेटतं. पुढं ते रूप झिजून साध्या 'मी' सारखं झालं, पण क्रियापद अजून तो प्रत्यय आहे असंच धरून वागतं. म्हणून 'मी' बद्दल शंका आली की त्याजागी 'तो' घालून बघायचं. त्याने चिंच खाल्ली, म्हणून मी चिंच खाल्ली. तो छत्री विसरला (त्याने विसरली असं म्हणत नाही), म्हणून मी छत्री विसरलो. शिकणे, विसरणे, बोलणे, नेसणे असे थोडे धातू कर्म असूनही भूतकाळात 'ने' घेत नाहीत, ते असेच कानाने ओळखायचे. ती साडी नेसली, ती धोतर नेसली. 'तू' ची तऱ्हा आणखी वेगळी, 'तू आंबा खाल्लास, चिंच खाल्लीस'. 'ल्ला' की 'ल्ली' हे कर्माने ठरवलं आणि शेवटचा 'स' कर्त्याने मागून लावला, याला व्याकरणात कर्तृ-कर्म संकर म्हणतात.

आता लिहिलेलं तपासायचं कसं? सोपी वाक्यं कुणी चुकत नाही, घोळ होतो लांब वाक्यात. हे बघा: 'कालच्या बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांनी पूरग्रस्त शेतकऱ्यांना नुकसानभरपाई तातडीने देण्याच्या सूचना तहसीलदारांना दिले.'

आधी शेवटचं क्रियापद धरायचं, 'दिले'. मग विचारायचं, काय दिलं? इथं दोन मोकळी नामं दिसतात, नुकसानभरपाई आणि सूचना. पण नुकसानभरपाई 'देण्याच्या' ला बांधलेली आहे, बैठकीत ती काही दिलेली नाही. दिल्या त्या सूचना. आता मोकळ्या नामाच्या आधी तो-ती-ते लावायचं: ती सूचना, अनेकवचनी त्या सूचना. आणि इथं गंमत अशी की 'सूचना' चं अनेकवचनही 'सूचना' च, नामाकडं बघून एक की अनेक कळत नाही. या वाक्यात 'देण्याच्या' वरून थोडा अंदाज येतो, पण नुसतं 'सूचना दिली' की 'सूचना दिल्या' एवढंच असेल तर सगळी माहिती क्रियापदातच असते, म्हणजे तिथं चुकलात तर व्याकरणच नाही, बातमीही चुकली. 'घोषणा', 'योजना' यांचंही तेच. दुरुस्त वाक्य, 'सूचना तहसीलदारांना दिल्या'.

चूक झाली कशामुळं तेही बघण्यासारखं आहे. क्रियापदाला चिकटून 'तहसीलदारांना' बसलंय आणि '-ना' नंतर '-ले' ही भावेची चाल हाताला इतकी सवयीची आहे की बोटं तेच टाइप करतात. जवळचं नाम क्रियापदाला आपल्याकडं ओढतं हा प्रकार फक्त मराठीत नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर यांनी १९९१ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांना वाक्यांची सुरुवात देऊन ती पुरी करायला लावली, तेव्हा खरा कर्ता एकवचनी असूनही मधे अनेकवचनी नाम आलं की क्रियापद अनेकवचनी करण्याच्या चुका वाढल्या. आपल्याकडं 'पालिकेने सगळ्या नाल्यांची सफाई केल्या' होतं ते याच ओढीनं, खरं तर सफाई केली.

अजून एक सापळा लेखी रूपाचा. 'आंबे खाल्ले' आणि 'मुलांना मारले', लिहिताना दोन्हीकडं 'ले', पण पहिलं पुल्लिंगी अनेकवचन आणि दुसरं नपुंसक एकवचन. बोलताना मात्र आपण 'आंबे खाल्ले' आणि 'मुलांना मारलं' असा फरक बिनचूक करतो. म्हणून शंका आली की वाक्य घरच्या भाषेत मोठ्यानं म्हणायचं. तोंडून 'लं' आलं तर ते एकतर नपुंसक नामाशी जुळतंय नाहीतर भावे आहे. 'ली' च्या बाबतीत कान फारसा कामाचा नाही, कारण चिंच खाल्ली (स्त्रीलिंगी एकवचन) आणि पुस्तकं वाचली (नपुंसक अनेकवचन) ऐकायलाही सारखंच. तिथं तो-ती-ते लावूनच बघावं लागतं.

लातूर, नांदेड, सोलापूरकडं 'मी काम केलो' असं बोलतात त्याला बाकीचे हसतात, हे मला आवडत नाही. तिथं भूतकाळातही क्रियापद कर्त्याशी जुळवून घेतलंय आणि बोलणारा ते नियमानंच करतो, वाट्टेल तसं नाही. शेजारच्या कन्नड-तेलुगूत भूतकाळातही क्रियापद कर्त्याच्याच मागं जातं, हेही लक्षात घ्यायला हवं. प्रमाण लेखनात ते चालणार नाही एवढंच.

आणि प्रमाण मराठीतही नियमाला एक जुनी फट आहे. 'त्याने मुलीला शाळेत घातलं' असं आपण म्हणतो, पण 'मुलीला शाळेत घातली' हेही कानावर येतं. 'ला' लागूनही क्रियापद मुलीशीच जुळलंय. व्याकरणाच्या पुस्तकांत याला कर्म-भाव संकर असं नाव देऊन जागा दिलेली आहे. गुजरातीत तर हाच नेहमीचा रिवाज आहे, कर्माला 'ने' लागला तरी क्रियापद त्याच्याशीच जुळतं. त्यामुळं कुणी 'घातली' लिहिलं तर मी त्यावर लाल पेन चालवत नाही. स्वतः लिहिताना 'घातलं' लिहितो.