Kp, Kc आणि Kx : गॅस सिरिंजसोबतचं माहितीपत्रक

आमच्या १०० मिलीच्या काचेच्या गॅस सिरिंज साताऱ्यातल्या कॉलेजांत बहुतेक वेळा N₂O₄ ⇌ 2NO₂ या समतोलासाठी वापरल्या जातात. वाचन बरोबर येतं, पण समतोल स्थिरांक एका रूपातून दुसऱ्यात नेताना, म्हणजे आंशिक दाबांच्या Kp वरून संहतींच्या Kc कडे किंवा मोल फ्रॅक्शनच्या Kx कडे जाताना, आकडे बिघडतात. म्हणून हे पत्रक.

वायूंच्या मोलसंख्येतला फरक, म्हणजे Δn, आधी काढा: उजवीकडचे वायूचे मोल वजा डावीकडचे. इथे २ − १ = १. घन आणि द्रव यात धरायचे नाहीत. चुनखडी भाजताना CaCO₃ आणि CaO दोन्ही घन असतात, म्हणून Δn फक्त CO₂ चा, १.

```
Kp = Kc (RT)^Δn
Kp = Kx P^Δn
```

२५ अंश सेल्सिअसला, दाब बारमध्ये घेतल्यास, या समतोलाचा Kp सुमारे ०.१५ आहे. R = ०.०८३१४ लिटर·बार/(मोल·केल्विन) आणि T = २९८ केल्विन घेतले की RT = २४.८ येतो. म्हणून Kc = ०.१५ ÷ २४.८ = ०.००६०, संहती मोल प्रति लिटरमध्ये. R च्या जागी ८.३१४ घातला, तर उत्तर शंभरपट लहान येतं, कारण तो R पास्कल आणि घनमीटरचा आहे. तापमान २५ च ठेवलं, तर ते सुमारे बारापट मोठं येतं. Δn धन असेल तेव्हा या एककांत Kc हा Kp पेक्षा लहानच यायला हवा. अमोनियाच्या N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃ मध्ये Δn = −२, तिथे उलट.

खरी अडचण Kx ची. तापमान तेच असलं तरी तो एकूण दाबाबरोबर बदलतो. मोकळ्या दट्ट्याच्या सिरिंजमध्ये एकूण दाब म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे तो १ बार नसून साधारण ०.९३ बार असतो. मोबाईलवरचं हवामान ॲप बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणलेला, १०१० मिलीबारच्या आसपासचा आकडा दाखवतं. तो घेऊ नका, प्रयोगशाळेतल्या बॅरोमीटरचं वाचन घ्या.

Kx = ०.१५ ÷ ०.९३ = ०.१६१. NO₂ चा मोल फ्रॅक्शन x धरला, तर x²/(१ − x) = ०.१६१, म्हणून x = ०.३३. दट्ट्या दाबून एकूण दाब २ बार ठेवला आणि तापमान पुन्हा २५ अंशांवर येऊ दिलं, तर Kx ०.०७५ होतो आणि x ०.२४ वर उतरतो. Kp मात्र ०.१५ च राहतो. दाबल्याबरोबर रंग आधी गडद होतो, कारण वायू एकवटतो, आणि मग समतोल सरकला की थोडा फिका पडतो.

पडताळा असा घ्या: ०.९३ बारला एकूण संहती ०.९३ ÷ २४.८ = ०.०३७५ येते. तिला प्रत्येक मोल फ्रॅक्शनने वेगवेगळं गुणून दोन्ही वायूंच्या संहती काढा आणि NO₂ च्या संहतीच्या वर्गाला N₂O₄ च्या संहतीने भागून Kc काढा. तो ०.००६० च्या जवळ आला नाही, तर आधी P चा आकडा तपासा.

समीकरण दुप्पट करून लिहिलं, तर Δn २ होतो आणि Kp चा वर्ग होतो, तेव्हा RT चाही वर्ग घ्यावा लागतो. NO₂ विषारी आहे, सिरिंज फ्यूम हूडमध्येच भरा.