बॅडमिंटन कोर्टाची आखणी: माप पट्टीच्या कोणत्या कडेपर्यंत?

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक: सोसायटी, शाळा आणि क्लबांच्या हॉलसाठी)

हॉलमध्ये कोर्ट आखून हवे असले की बहुतेक ग्राहक फोनवर एकच माप सांगतात: चव्वेचाळीस बाय वीस. ते माप बरोबरच आहे. मीटरमध्ये ते १३.४० बाय ६.१० होते. पण पांढरी पट्टी स्वतः ४ सेंटिमीटर रुंद असते. १३.४० हे माप पट्टीच्या आतल्या कडेपासून धरायचे, मधोमध की बाहेरच्या कडेपासून, हे कोणी विचारत नाही. आम्ही दुरुस्तीला जातो त्या कोर्टांत सर्वांत जास्त चुका इथेच झालेल्या दिसतात. म्हणून या पत्रकात मुख्यतः त्याच एका गोष्टीविषयी सांगितले आहे.

पट्टी कोणाची?

बॅडमिंटनच्या नियमानुसार प्रत्येक रेषा ही ती ज्या भागाची सीमा आहे त्या भागाचाच हिस्सा असते. फूल रेषेवर पडले तर ते आत धरतात, त्यामागचे कारण हेच. म्हणून पट्टी नेहमी त्या भागाच्या आत बसते आणि माप तिच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायचे असते. १३.४० आणि ६.१० ही दोन्ही मापे बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची आहेत. सूत ताणून त्याच्या बाहेरच्या अंगाला पट्टी मारली, तर कोर्ट १३.४८ बाय ६.१८ होते. सुतावर मधोमध मारली तर १३.४४ बाय ६.१४.

शॉर्ट सर्व्हिस लाइनवर ही चूक सर्वांत महागात पडते. नेटपासून १.९८ मीटर हे माप त्या पट्टीच्या नेटकडच्या कडेपर्यंतचे आहे. पट्टी तिथून मागे जाते आणि २.०२ वर संपते, कारण ती मागच्या सर्व्हिस कोर्टाची पट्टी आहे. कारागिराने ती उलट्या बाजूला, म्हणजे १.९४ ते १.९८ मध्ये मारली, तर सर्व्हिस करणाऱ्याला ४ सेंटिमीटर फुकट मिळतात. फुलाच्या बुचाचा व्यास २५ ते २८ मिलिमीटर असतो. म्हणजे अख्खे बूच मावेल एवढी जागा चुकीने ‘आत’ ठरते. दुहेरीत छोट्या सर्व्हिसवर गुण ठरतात, तिथे हा फरक खेळाडूला लगेच जाणवतो. रोज त्याच कोर्टावर सराव करणारा मुलगा बाहेर स्पर्धेला गेला की त्याच्या सर्व्हिस आखूड पडायला लागतात, आणि दोष हाताला दिला जातो.

बाकीच्या रेषा

एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळ एकाच कोर्टावर खेळले जातात, फक्त हद्द बदलते. लांबी दोन्हींना १३.४० च असते. एकेरीची रुंदी ५.१८ आहे. म्हणून एकेरीची साइडलाइन दुहेरीच्या साइडलाइनपासून ४६ सेंटिमीटर आत येते. हे ४६ बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत आहे, मधली मोकळी पट्टी ४२ च दिसते. एकेरीची साइडलाइन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण १३.४० मीटर जाते.

दुहेरीच्या सर्व्हिससाठी मागच्या रेषेच्या ७६ सेंटिमीटर आत आणखी एक आडवी रेषा असते. इथेही माप बाहेरच्या कडेपर्यंतच धरायचे. एकेरीत ही रेषा विचारात घेत नाहीत, तिथे अगदी मागची रेषाच सर्व्हिसची हद्द असते. म्हणजे एकेरीचे सर्व्हिस कोर्ट लांबट आणि अरुंद, तर दुहेरीचे आखूड आणि रुंद.

मधली उभी रेषा शॉर्ट सर्व्हिस लाइनपासून मागच्या रेषेपर्यंतच असते. ती नेटपर्यंत नेलेली कोर्टे आम्ही बरीच पाहिली आहेत. नेट आणि शॉर्ट सर्व्हिस लाइन यांच्यामधला भाग कोणाच्याच सर्व्हिस कोर्टात येत नाही, त्यामुळे तिथे ती रेषा नको. ही एकच पट्टी अशी आहे जी आखणीच्या मध्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन सेंटिमीटर बसते, कारण ती डाव्या आणि उजव्या दोन्ही कोर्टांची आहे.

नेटचे खांब दुहेरीच्या साइडलाइनवर उभे राहतात. एकेरीचा सामना असला तरी ते आत सरकवायचे नाहीत. खांबाचा पाया कोर्टाच्या आत येता कामा नये. चाकांचे पोल घेताना हे आवर्जून बघा.

भिंतीला गुण्यात धरू नका

एका गृहसंकुलाच्या बहुउद्देशीय हॉलमध्ये आम्हाला बोलावले होते. कोर्ट नवेच होते. तक्रार अशी की उजवीकडून तिरपी सर्व्हिस लांब वाटते आणि डावीकडून जवळ. आम्ही मापे घेतली. लांबी दोन्ही बाजूंना १३.४० भरली, रुंदी दोन्ही टोकांना ६.१०. समितीच्या सेक्रेटरी म्हणाल्या, “सगळं बरोबर तर आहे.” मग आम्ही कर्ण मोजले. एक १४.७४८ निघाला आणि दुसरा १४.६९८. बरोबर आखलेल्या कोर्टाचे दोन्ही कर्ण १४.७२३ असतात.

पाच सेंटिमीटरचा हा फरक भिंतीतून आला होता. आधीच्या कारागिराने साइडलाइन लांबीच्या भिंतीला समांतर धरली आणि मागची रेषा रुंदीच्या भिंतीला. पण त्या दोन भिंती एकमेकींना गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हत्या. १३.४० मीटर जाईपर्यंत लांबीची भिंत ६ सेंटिमीटर सरकत होती. तेवढ्याने कोर्टाचा आयत मोडला आणि समांतरभुज चौकोन झाला. बाजू मोजून हे कधीच सापडत नाही, कर्ण मोजले तरच कळते.

टाइल्सच्या सांध्यांवरही भरवसा नको. दोन फुटी टाइल्स दिसल्या की बावीस टाइल्स मोजून चव्वेचाळीस फूट धरण्याचा मोह होतो. पण बाजारातली ‘दोन बाय दोन’ टाइल ६० सेंटिमीटरची असते. बावीस टाइल्सचे १३.२० मीटर होतात. सांध्यांचे दोन-दोन मिलिमीटर धरले तरी १३.२४ च्या पुढे माप जात नाही. कोर्ट चांगले १६ सेंटिमीटर आखूड होते. (शिवाय गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतो. तिथे मॅट अंथरूनच खेळावे, हा आमचा आग्रह आहे.)

तो हॉल आम्ही कसा आखला

हॉल ५२ बाय ३० फूट, म्हणजे १५.८५ बाय ९.१४ मीटर होता. कोर्ट मधोमध बसवले तर मागे प्रत्येकी सव्वा मीटरच्या आसपास आणि बाजूंना दीड मीटर जागा उरत होती. सोसायटीच्या खेळाला हे चालते. मागे एक मीटरही उरत नसेल तर आम्ही काम घेत नाही, कारण मागे धावणारा खेळाडू भिंतीवर आदळतो.

दोन्ही आखूड भिंतींचे मध्य काढून त्यांच्यामध्ये सूत ताणले. हा कोर्टाचा कणा, भिंतीशी आमचा संबंध इथेच संपला. सुताच्या मध्यावर नेटचा बिंदू घेतला. त्या बिंदूपासून सुतावर दोन्हीकडे ४-४ मीटरवर खुणा केल्या. दोन्ही खुणांपासून ५ मीटरचे टेप आडवे ताणले. ते जिथे मिळाले तो बिंदू नेटच्या बिंदूपासून बरोबर ३ मीटरवर आला, म्हणजे काटकोन साधला. दुसऱ्या अंगालाही तसेच केले. मग ती नेटची रेषा दोन्हीकडे ३.०५ पर्यंत नेली आणि खांबांच्या बाजूच्या दोन खुणा पक्क्या झाल्या.

कोपरे काढायला दोन टेप लागतात. एक टेप एका खांबाच्या खुणेवर शून्याला धरून ६.७० वर ताणला, दुसरा पलीकडच्या खांबाच्या खुणेवरून तिरपा ९.०६१ वर. दोन्ही जिथे जुळले तो कोपरा. असे चार कोपरे काढले. मग दोन्ही लांबच्या बाजू, दोन्ही टोके आणि शेवटी दोन्ही कर्ण तपासले. कर्णांमध्ये ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की आम्ही कोपरे पुसून पुन्हा काढतो. त्या दिवशी पहिल्यांदा ९ आला होता. टेप कापडी असल्याने ओढताना ताणला जात होता. स्टीलचा टेप घेतल्यावर २ वर आला.

मधल्या रेषांची मापे एकात एक मिळवत गेलो नाही, सगळी एकाच शून्यापासून घेतली. नेटच्या रेषेपासून मागे १.९८, ५.९४ आणि ६.७० अशा खुणा केल्या. पहिल्या खुणेपासून पट्टी मागे मारली, उरलेल्या दोन्हींपासून नेटकडे. पट्ट्या मारण्याआधी प्रत्येक खुणेजवळ खडूने बाण काढला, पट्टी कोणत्या अंगाला हे दाखवणारा. दुपारनंतर थकलेला माणूसही मग उलटी पट्टी मारत नाही.

सिमेंटच्या किंवा लाकडी जमिनीवर रंग द्यायचा तर मास्किंग टेपच्या दोन पट्ट्यांमध्ये नेमके ४ सेंटिमीटर मोकळे सोडतो. रंगाचे दोन हात दिले जातात आणि दुसरा हात पूर्ण कडक होण्याआधीच टेप काढतो, नाहीतर कडेचे तुकडे निघतात. रंग पांढरा किंवा पिवळा असावा. त्याच जमिनीवर इतर खेळांच्या रेषा असतील, तर बॅडमिंटनला त्यांच्याहून वेगळा रंग द्या.

काम झाल्यावर तुम्ही स्वतः तपासा

पैसे देण्याआधी, आमच्याकडून काम घेतले असले तरीही, एक टेप घेऊन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागा मोजा. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. एकेरी आणि दुहेरी साइडलाइनमध्ये ४२ सेंटिमीटर. एकेरी साइडलाइन आणि मधल्या रेषेत २.५३ मीटर, दोन्हीकडे सारखे. शॉर्ट सर्व्हिस लाइन आणि दुहेरीच्या मागच्या सर्व्हिस लाइनमध्ये ३.८८. ती आणि अगदी मागची रेषा यांच्यात ७२ सेंटिमीटर. मग दोन माणसांनी टेप धरून बाहेरच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण घ्यावेत.

नेट लावल्यावर उंची खांबांपाशी १.५५ आणि मधोमध १.५२४ मीटर हवी. मधे याहून खाली झोळ पडत असेल तर दोरी ओढून घ्या, आणि नेटची टोके व खांब यांच्यात फट राहू देऊ नका.