हंगामी नैराश्य

ठरावीक ऋतूत सुरू होऊन ऋतू पालटल्यावर ओसरणाऱ्या आणि वर्षानुवर्षे त्याच क्रमाने येणाऱ्या नैराश्याला हंगामी नैराश्य म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८७ पासून त्याला जागा मिळाली. मात्र तेथे तो स्वतंत्र आजार मानलेला नाही. नैराश्याच्या किंवा खिन्नता व उन्माद असे दोन्ही टोकांचे झटके येणाऱ्या द्विध्रुवी आजाराच्या निदानापुढे ‘हंगामी क्रमाने’ एवढी पुस्ती जोडली जाते. ती जोडण्यासाठी मागील सलग दोन वर्षे त्याच ऋतूत पूर्ण स्वरूपाचे नैराश्य आलेले असावे लागते, त्या दोन वर्षांत इतर वेळी ते आलेले नसावे लागते, आणि एकंदर आयुष्यात हंगामी झटके बिगरहंगामी झटक्यांहून बरेच जास्त असावे लागतात. याच निकषांत आणखी एक अट आहे. दरवर्षी ठरावीक वेळी येणाऱ्या बाहेरच्या ताणामुळे, उदाहरणार्थ हंगामी बेकारीमुळे, मन खचत असेल तर त्याला हा शिक्का लावू नये. मराठवाड्यापुरते पाहिले तर साऱ्या निकषांत हीच अट सर्वांत कळीची ठरते.

ऋतू आणि मनःस्थिती यांचा संबंध जुन्या वैद्यकाला ठाऊक होता. सुस्त, खिन्न रुग्णांना उन्हात ठेवावे, असे वचन ग्रीक वैद्य अरेटिअस याच्या नावावर सांगितले जाते. त्याचा काळ साधारणपणे इ. स. पहिले किंवा दुसरे शतक असा मानतात. चरकसंहितेत वर्षाऋतूत अग्नी मंद होतो आणि वात बिघडतो असे म्हटले आहे. ते वर्णन मुख्यतः पचनाचे आणि अंगातील बळाचे आहे. त्यात आजचे नैराश्य शोधणे ओढूनताणून होईल.

आधुनिक इतिहास १९८० पासून सुरू होतो. त्या वर्षी आल्फ्रेड लेवी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, रात्री तयार होणारे मेलाटोनिन हे संप्रेरक माणसातही प्रकाशाने दाबले जाते, पण त्यासाठी घरगुती दिव्याचा उजेड पुरत नाही, सुमारे २,५०० लक्स एवढा प्रखर प्रकाश लागतो. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप आहे. याच सुमारास एका अभियंत्याने आपल्या मनाच्या चढ-उतारांची अनेक वर्षांची टिपणे संशोधकांपुढे ठेवली. दर हिवाळ्यात त्याचे मन खचत होते. त्याला पहाटे व संध्याकाळी प्रखर दिव्यापुढे बसवून हिवाळ्याचा दिवस कृत्रिमरीत्या लांबवला, तेव्हा उतार पडला. १९८४ मध्ये मूळ जोहान्सबर्गच्या नॉर्मन रोझेन्थाल यांनी अशा २९ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि या स्थितीला आजचे नाव मिळाले. हे काम वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथे झाले. तेथे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस साडेनऊ तासांचाही नसतो.

प्रकाशाने नेमके काय होते, यावर बराच वाद झाला. दिवस लांबवणे हेच खरे औषध, हा पहिला समज फार काळ टिकला नाही. मेलाटोनिन औषधाने दाबून पाहिले, पण नैराश्य खात्रीने हटले नाही. शिवाय संध्याकाळचा उजेड वगळून फक्त सकाळचा दिला तरी गुण येत होता. त्यामुळे लेवी यांनी मांडलेला कालसरकीचा विचार पुढे आला. मेंदूतल्या एका लहानशा केंद्रात शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ चालते. हिवाळ्यात उशिरा उजाडल्याने ते मागे पडते, म्हणजे माणूस उठतो तरी त्याच्या शरीराची रात्र संपलेली नसते. सकाळचा उजेड हे घड्याळ पुढे ओढतो, संध्याकाळचा आणखी मागे ढकलतो. मात्र सकाळ प्रत्येकाची वेगळी असते. शरीराचे तापमान नेहमीच्या जागे होण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास सर्वांत खाली गेलेले असते. त्यानंतरचा उजेड घड्याळ पुढे नेतो, त्याआधीचा मागे नेतो. एरवी नऊला उठणाऱ्याने उत्साहाच्या भरात चारला उठून दिवा लावला, तर परिणाम उलटा होऊ शकतो.

डोळ्यात हे काम दृष्टीच्या नेहमीच्या पेशींवर अवलंबून नसते. डेव्हिड बर्सन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दृष्टिपटलावर स्वतःच प्रकाश टिपणाऱ्या काही चेतापेशी दाखवल्या. त्या निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात आणि थेट त्या घड्याळाकडे निरोप धाडतात. कालसरकीने सर्वच रुग्णांचा उलगडा होत नाही. तरीही आजमितीस उपलब्ध स्पष्टीकरणांत तेच अधिक पटणारे आहे.

मराठवाड्यात हे चित्र बदलते. संभाजीनगर साधारण २० अंश उत्तरेस, तर धाराशिव-लातूरचा पट्टा १८ अंशांच्या आसपास. येथे सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. हिवाळ्यातले आकाश बहुधा निरभ्र असते. म्हणजे बेथेस्डाच्या रुग्णांना जो हिवाळा खचवत होता, तसा हिवाळा येथे नाहीच. ज्याला लोक मळभाचे दिवस म्हणतात, ते जुलै-ऑगस्टचे. आणि त्या वेळी दिवस तेरा तासांच्या जवळपास असतो. येथे दिवस आखडत नाही, उजेड फिका पडतो. तोही बाहेर फारसा नाही. झड लागलेल्या दिवशी भर दुपारी उघड्यावर ५,००० ते १०,००० लक्स सहज मिळतात. स्वच्छ उन्हात हा आकडा १,००,००० पर्यंत जातो, तरी पाच-दहा हजार घड्याळ सरकवण्यास पुरेसे आहेत. खरा तोटा घरात होतो. माळवदाच्या जुन्या घरात जाड भिंती, लहान खिडक्या आणि छतातला एखादा झरोका. पाऊस आला की झरोकाही झाकला जातो. अशा मधल्या खोलीत काही दहा-वीस लक्स उजेड असतो, ट्यूबलाइट लावली तरी शे-दोनशे. झडीत चार दिवस कोणी बाहेर पडले नाही, तर त्या माणसाच्या डोळ्यांना जवळपास दिवसच मिळालेला नसतो. ओसरीवर किंवा ढाळजेत बसणाऱ्याचे तसे होत नाही.

भारतातील अभ्यास थोडे आहेत. चंदीगडच्या मानसोपचारतज्ज्ञांनी २००१ मध्ये उत्तर भारतातील रुग्णांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. पंजाबातला धुक्याचा हिवाळा आणि मराठवाड्यातला उन्हाचा हिवाळा यांत अंतर असल्याने त्यातले निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. नेहमीच्या प्रश्नावलीत माणसाला ‘कोणत्या महिन्यात बरे वाटत नाही’ असे विचारले जाते. अशा प्रश्नांतून प्रमाण फुगते, हा आक्षेप रास्त आहे, कारण पावसाळ्यात आळस कोणाला येत नाही?

पावसाळ्यातली साधी सुस्ती आणि नैराश्य यांतला फरक थकव्याच्या तीव्रतेवरून ठरत नाही. सुस्त माणसाची झोप तासभर वाढते, भूक भज्यांकडे वळते, काम पुढे ढकलले जाते. पण पंचमीला माहेरी आलेली लेक झोक्यावर बसली की तिला हसू येते, आणि दोन दिवस ऊन पडले की अंग मोकळे होते. नैराश्यात किमान दोन आठवडे जवळपास रोज मन उदास असते किंवा कशातच गोडी वाटत नाही. त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडते, स्वतःला दोष देणे आणि मरणाचे विचार येतात, आणि आवडीची गोष्ट समोर आली तरी मन उचलत नाही. हिवाळी प्रकारात झोप व गोड-पिष्ट खाणे वाढते आणि हातपाय शिसे भरल्यासारखे जड होतात. उलट उन्हाळी प्रकारात, ज्याचे वर्णन टॉमस वेर यांनी १९८७ मध्ये केले, झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते. एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या वर जाणाऱ्या मराठवाड्यात या दुसऱ्या प्रकाराचा विचार अधिक व्हायला हवा. निदानाआधी रक्तक्षय, थायरॉइड आणि नुकताच येऊन गेलेला डेंग्यू किंवा टायफॉइड तपासणे आवश्यक असते. तापानंतरचा अशक्तपणा महिनाभर रेंगाळला की तोही ‘उदास’ म्हणूनच सांगितला जातो.

मात्र सर्वांत अवघड गाठ पैशाची आहे. येथे जून म्हणजे बी-बियाणे-खतासाठी उसनवारी. ऑक्टोबरात सोयाबीन मोंढ्यावर येते आणि भावाचा निकाल लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. या तिन्ही वेळा दरवर्षी ठरलेल्या, त्यामुळे खचणेही दरवर्षी ठरल्या वेळी येते आणि कागदावर ते हुबेहूब हंगामी नैराश्य दिसते.

कल्पित उदाहरण घेऊ. लातूर जिल्ह्यातील चाळिशीचा शेतकरी. घरचे सांगतात, ‘दरसाल पाऊस लागला की हे गप्प होतात, जेवत नाहीत, रात्री जागे.’ ढगाळ हवेमुळे हे होते, असे घरात ठरून गेले आहे. नीट विचारले तर सुरुवात जुलैच्या झडीत नव्हे, जूनच्या पेरणीआधीच होते. झोप वाढत नाही, तुटते. तो दिवसभर रानात असल्याने उजेडाची कमतरताही नाही. मग २०१५ चा प्रश्न विचारावा. त्या वर्षी पाऊस ओढला, आकाश बरेच मोकळे होते, आणि पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ढगांमुळे मन खचत असते, तर ते वर्ष त्याला सोपे गेले असते. घरचे म्हणतात, ते सर्वांत वाईट गेले. आठवणीतल्या एका वर्षावर सारा निकाल ठेवता येत नाही, पण आरंभाचा महिना, झोपेचा प्रकार आणि दुष्काळी वर्ष ही तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. याला नैराश्य आहे आणि त्यावर उपचार हवेत. मात्र हंगामी ही पुस्ती जोडता येत नाही, आणि प्रकाशाच्या दिव्याआधी कर्जाच्या फेडीचे काय, हा प्रश्न येतो. याच घरातली सून जुलैभर मधल्या खोलीतून हलली नाही, दहा तास झोपली आणि ऑगस्टात ऊन पडताच सावरली, तर तिच्या बाबतीत उजेडाचा विचार पहिला करावा.

प्रकाशोपचाराची रूढ मात्रा १०,००० लक्स, रोज सकाळी उठल्यानंतर लवकर, सुमारे ३० मिनिटे अशी आहे. २,५०० लक्सला दोन तास लागतात. दिव्याकडे टक लावून पाहायचे नसते. तो डोळ्यांसमोर थोडा बाजूला ठेवून वाचत बसावे. दिव्यावर छापलेला आकडा ठरावीक अंतरापुरता, बहुधा ३० सेंटिमीटरच्या आसपासचा असतो; अंतर दुप्पट केले तर उजेड साधारण पाव उरतो. उपचार फसण्यामागे हे कारण बरेचदा असते. दिव्यातून अतिनील किरण येता कामा नयेत. गुण एक-दोन आठवड्यांत दिसू लागतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत हिवाळी नैराश्यावर प्रकाश आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध यांचा परिणाम सारखाच आढळला. मराठवाड्यात पावसाळ्यातही सकाळी अर्धा-पाऊण तास ओसरीच्या कडेला किंवा अंगणात काढला, तर दिव्याशिवाय बऱ्यापैकी उजेड मिळतो. खिडकीपासून आत दोन हात सरकले की तो झपाट्याने घटतो.

डोकेदुखी, डोळ्यांवर ताण, मळमळ हे किरकोळ त्रास सुरुवातीला होतात. गंभीर धोका द्विध्रुवी आजार असणाऱ्यांना असतो. त्यांच्यात प्रकाशाने उन्माद उसळू शकतो. त्यामुळे पूर्वी कधी झोपेविना उत्साह, बडबड, उधळपट्टी असे दिवस येऊन गेले का, हे आधी विचारतात. दृष्टिपटलाचे विकार असणाऱ्यांनी आणि प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा वापरू नये. मरणाचे विचार येत असतील तर उजेडाच्या गुणाची वाट पाहायची नसते. शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.