खुर्चीत बसल्या बसल्या होणाऱ्या गुठळीची गोष्ट

लांबच्या विमानप्रवासात पायात होणाऱ्या रक्ताच्या गुठळीची गोष्ट विमानात सुरू होत नाही. ती सुरू होते 1940 च्या लंडनमध्ये. बॉम्बहल्ल्यांमुळे लोक रात्रभर निवाऱ्यांत, घडीच्या कापडी खुर्च्यांवर बसल्या बसल्याच झोपत. कीथ सिम्पसन या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्याने होणारे मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे सहापट झाले आहेत. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीखाली दाबत होती आणि शिरांतलं रक्त तुंबत होतं. उपाय साधा होता : लोकांना आडवं झोपता येईल अशी सोय करा.

1954 मध्ये अमेरिकेतल्या जॉन होमन्स यांनी बराच वेळ बसून राहिल्याने गुठळी झालेले रुग्ण नोंदवले. त्यांत 14 तासांचं उड्डाण केलेले एक डॉक्टर होते. पुढे या त्रासाला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव चिकटलं. मला ते दिशाभूल करणारं वाटतं, कारण महागड्या सीटवर तासन्‌तास न हलता बसलेल्यालाही गुठळी होऊ शकते आणि बसने जाणाऱ्यालाही.

कारण पोटरीत आहे. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. ते थांबले की रक्त साचतं, पाणी ऊतींत झिरपतं आणि चपला घट्ट होतात. ही सूज दोन्ही पायांना येते आणि बहुधा आडवं झाल्यावर ओसरते. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय. हे उतरल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं.

पायाला दाब देणाऱ्या मोज्यांनी गुठळी टळते, याचा पुरावा 2001 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पन्नाशीपुढच्या 200 प्रवाशांच्या पायांची सोनोग्राफी केली होती. बिनमोज्यांच्या 100 जणांपैकी 12 जणांच्या खोल शिरांत लक्षणं नसलेल्या गुठळ्या आढळल्या, गुडघ्याखालचे दाबमोजे घातलेल्यांत एकही नाही. पण मोजे घातलेल्या चौघांच्या फुगलेल्या वरवरच्या शिरांत गुठळ्या झाल्या. म्हणून व्हेरिकोज शिरा असतील, तर डॉक्टरांना विचारूनच मोजे घ्यावेत. घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जाणारे, मापाचेच हवेत. गुंडाळी होऊन गुडघ्याखाली रुतले तर उलट काचतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर धोका दुप्पट-तिप्पट होतो, तरी तो सहा हजारांत एकाला इतकाच. पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया यांना तो जास्त असतो.

पाणी कमी प्यायल्यानेच गुठळी होते, असं सिद्ध झालेलं नाही. तरी थोडं थोडं पाणी पीत राहावं. त्याने उठून बाथरूमला जावं लागतं, हा फायदाच. दारू आणि झोपेच्या गोळ्यांनी माणूस वाकड्या पायांवर तासन्‌तास निजतो, तेच टाळायचं आहे. मुंबईहून अमेरिकेला मुलांकडे निघालेल्या आई-बाबांना मी मधल्या वाटेच्या कडेची सीट घ्यायला सांगते. दर तासाला टाचा टेकवून चवडे वीस वेळा उचलायचे, मग चवडे टेकवून टाचा, आणि दिवे मालवलेले असले तरी अधूनमधून उठून एक फेरी मारायची.