डब्याचं भांडण डब्याएवढंच ठेवायचं तर

शिकवणीला आलेलं भावाबहिणीचं पोरगं ज्या घरात कधीच राहिलं नाही, असं घर लातुरात शोधावं लागेल. बारावी आणि नीट मिळून दोन वर्षांचा मामला. होस्टेलचं भाडं झेपत नाही, मग ‘काका आहे की तिथं’ म्हणत पोराची बॅग येऊन पडते. समजा, असंच एक घर आहे. नवरा मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सोबत सासूबाई आणि औशाकडच्या गावाहून आलेला पुतण्या. बुधवारी रात्री दहा वाजता पुतण्या सांगतो की उद्या टेस्ट आहे, सहाला निघायचंय, डबा लागेल. मोबाइलमधून मान वर न काढता नवरा म्हणतो, “काकू देईल की करून.” ती काही बोलत नाही. पहाटे उठते आणि धपाटे करून देते.

एवढ्याशा गोष्टीवरून कोण भांडेल? कुणीच नाही, आणि अडचण नेमकी तिथंच आहे. मोठी गोष्ट असती तर त्याच रात्री आवाज चढला असता. ही गिळली जाते. पुढच्या आठवड्यात दुसरी, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी. मग येळवशीला सगळे शेतात जमलेले असताना भज्जीत मीठ कमी आहे असं तो सहज म्हणतो, आणि ती पाच महिन्यांचं सगळं एका दमात बोलून टाकते. त्याला खरोखरच कळत नाही की मिठावरून एवढं काय झालं. म्हणून नवरा-बायकोनं आठवड्यातून एकदा ठरवून समोरासमोर बसावं आणि त्या आठवड्याचं तेव्हाच बोलून घ्यावं.

रॉबर्ट वाइस या मानसशास्त्रज्ञाने 1980 मध्ये याची एक उपयोगी मांडणी केली. जोडीदाराचं वागणं आपण प्रत्येक वेळी नव्यानं तपासत नाही. नात्याबद्दल मनात जी एकंदर भावना साठलेली असते, तिच्यातून आपण ते वाचतो. मन साफ असेल तर ‘मीठ कमी आहे’ म्हणजे फक्त मीठ कमी आहे. मनात साचलेलं असेल तर तेच वाक्य टोमणा होतं.

त्याच वर्षी अमेरिकेत एलिझाबेथ रॉबिन्सन आणि गेल प्राइस यांनी एक साधा, पण डोळे उघडणारा प्रयोग केला. प्रशिक्षित निरीक्षक जोडप्यांच्या घरी जाऊन बसले आणि नवरा-बायको एकमेकांशी चांगलं कधी वागतात, याची नोंद करू लागले. त्याच वेळी जोडप्यांनीही तीच नोंद ठेवायची होती. समाधानी जोडप्यांच्या नोंदी निरीक्षकांशी बऱ्यापैकी जुळल्या. नाराज जोडप्यांच्या नोंदींत मात्र जोडीदारानं केलेल्या चांगल्या गोष्टींपैकी जवळपास निम्म्या आल्याच नाहीत. त्या घडल्या होत्या, बाहेरच्या माणसाला दिसल्या होत्या, पण ज्याच्यासाठी केल्या त्याला दिसल्या नव्हत्या.

याला दुसरी एक चूक येऊन मिळते. कॅनडात मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. यात लबाडी नसते. स्वतःचं प्रत्येक काम आपल्याला आतून आठवतं, दुसऱ्याचं फक्त समोर आलं तेवढंच. आपल्या शिक्षिकेला पहाटेचा गॅस आठवतो. सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यातून रात्री नऊला परतताना त्यानं तिच्या शाळेच्या पोषण आहाराची बिलं झेरॉक्स करून आणली, हे तिच्या हिशेबात येत नाही. त्याच्या हिशेबात धपाटे नाहीत.

आठवड्यातून एकदा ठरवून बसायचं ते हा हिशेब दुरुस्त करायला. जॉन गॉटमन हे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांचा अभ्यास केलेले संशोधक. त्यांच्या पद्धतीत ही बैठक तासाभराची असते आणि सुरुवातीला दोघांनी एकमेकांची पाच-पाच कौतुकं सांगायची असतात. आपल्याकडं तासभर कुणी निवांत सोडत नाही. सुरुवातीला अर्धा तास आणि दोन-तीन कौतुकं पुरेत, असं माझं मत. कौतुकाचा क्रम मात्र हलवू नये. तक्रारीला आधी साखर लावावी म्हणून तो पहिला नाही. जी निम्मी नोंद सुटलेली असते ती भरून काढायला आहे. त्यामुळं ‘तुम्ही लई चांगले आहात’ याचा उपयोग शून्य. “सोमवारी माझी बिलं तुम्ही न सांगता आणली, माझी चक्कर वाचली,” हे चालतं. दिवस, काम आणि त्यानं काय झालं, एवढं यायला हवं. आणि शेवटी ‘पण’ जोडायचा नाही. ‘बिलं आणली, पण घरात कधी हात लावला का?’ म्हणालात की कौतुक गेलं आणि तक्रारही वाया गेली.

वेळ आणि जागा आधी ठरवावी लागते, कारण एकत्र घरात ती आपोआप मिळत नाही. नळाला पाणी येण्याचा दिवस नको; त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस चिडलेलंच असतं. उपाशीपोटी नको, सासूबाई शेजारच्या खोलीत जाग्या असताना नको. या जोडप्यानं रविवारी रात्री जेवणानंतर गच्ची धरली, तर ‘वाळवण बघून येतो’ म्हटलं की कुणी विचारत नाही.

आता डबा. गॉटमन आणि सिबिल कारेर यांनी 124 नवविवाहित जोडप्यांना प्रयोगशाळेत पंधरा मिनिटं वादाच्या विषयावर बोलायला लावलं आणि पुढं सहा वर्षं त्यांचं काय झालं ते पाहिलं. 1999 मध्ये त्यांनी लिहिलं की पहिल्या तीन मिनिटांतच, पुढं वेगळे झालेल्या आणि एकत्र राहिलेल्या जोडप्यांमधला फरक दिसत होता. अशा अभ्यासांतून ‘घटस्फोटाचं नव्वद टक्के अचूक भाकीत’ असे जे मथळे निघाले, त्यांवर रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी 2001 मध्ये रास्त आक्षेप घेतला: ज्या जोडप्यांवरून सूत्र बनवलं त्यांच्यावरच ते तपासलं तर अचूकता फुगलेली दिसते, नव्या जोडप्यांवर लावलं की ती घसरते. तुमचं लग्न तीन मिनिटांत कुणी सांगू शकत नाही. पण बोलण्याची सुरुवात जशी होते तसंच ते बहुतेकदा संपतं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

म्हणून तिची सुरुवात बघू. मनात तयार असलेलं वाक्य असं: “तुम्हाला कवा माझी पर्वा होती? तुमच्या भावाचं पोरगं, अन् राबायचं मी!” यात त्या बुधवारबद्दल काहीच नाही. त्याच्या स्वभावावर, भावावर आणि लग्नाच्या सगळ्या वर्षांवर निकाल आहे. त्याच्याकडं उत्तर एकच उरतं, “मग तुझी बहीण राहिली तेव्हा मी काही बोललो का?” गाडी तिथून कुठं जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं वाक्य असं: “बुधवारी रात्री दहाला तुम्ही पोराला डब्याचं हो म्हणलात, मला न विचारता. मला वाटलं, माझी झोप कुणी धरतच नाही. डबा लागणार असेल तर आठच्या आत सांगा, म्हणजे मी कणीक मळून ठेवते.” एक घटना, तिला काय वाटलं, आणि काय हवं. शेवटचा भाग बायका बरेचदा गाळतात, कारण ‘मागून मिळालेल्याला काय किंमत’ ही आपली जुनी समजूत. पण मागणी नसेल तर ऐकणाऱ्याच्या हातात फक्त दोष उरतो.

त्याचं काम याहून अवघड आहे. आधी तिचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं: “म्हणजे डब्यापेक्षा, मी तुला न विचारता कबूल केलं, ते लागलं.” ती ‘हो’ म्हणेपर्यंत स्वतःची बाजू काढायची नाही. मग सांगावं की त्या दिवशी सौदे उशिरा मिटले, डोकं चालत नव्हतं. आणि मग दोघांनी मिळून एकच ठराव करायचा, जो पुढच्या रविवारी ‘झाला’ किंवा ‘नाही झाला’ असं सांगता येईल. इथं तो असा: आठनंतर सांगितलेला डबा मेसमधून येईल आणि पुतण्याला हे काका सांगेल, काकू नाही. मी तुझी जास्त काळजी घेईन, हा ठराव नव्हे. तो तपासता येत नाही.

एका बैठकीत एकाची एकच तक्रार. दुसरी आली की पहिली सुटते.

बोलता बोलता छाती धडधडू लागली, कान तापले, समोरच्याचं पुढचं वाक्य ऐकू येईना, तर थांबावं. नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की बहुतेकांना ऐकून घेणं जमत नाही, असं गॉटमन यांनी मांडलं आहे. त्यांनी एकदा भांडणाऱ्या जोडप्यांना मध्येच थांबवून अर्धा तास मासिकं वाचायला दिली. नंतर नाडी उतरली होती आणि बोलणंही निवळलं होतं. निदान वीस मिनिटं लागतातच, आणि त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात उत्तरं जुळवत बसलात तर शरीर खाली येतच नाही. मात्र थांबणाऱ्यानं परत कधी बसायचं ते सांगून उठावं. न सांगता खाली निघून जाणं म्हणजे समोरच्याला आणखी एक तक्रार देणं.

हे बिघडतं कसं, तेही बघा. तीन-चार आठवडे एकच माणूस बोलतोय आणि दुसरा ‘माझं काही नाही’ म्हणतोय, तर तो समाधानी आहे असं धरू नका. बहुधा त्याला ती हजेरी वाटते आहे. कुणी आठवडाभर मोबाइलमध्ये चुका टिपून आणत असेल तर ते कोर्ट झालं. आणि ‘रविवारी बघते तुम्हाला’ ही धमकी होऊ लागली तर एक-दोन रविवार फक्त कौतुकावर काढावेत. ज्या घरात हात उगारला जातो किंवा बायको बोलण्याआधी नवऱ्याचा चेहरा बघते, तिथं ही बैठक नकोच. तिथं मन मोकळं करणं धोक्याचं ठरू शकतं. महिला हेल्पलाइन 181 हा तिथला रस्ता आहे.

काही गोष्टी रविवारी सुटणारही नाहीत. गॉटमन यांच्या नोंदींत जोडप्यांच्या वादांपैकी 69 टक्के वाद कायमचे होते, स्वभावातून आणि घरच्या वळणातून आलेले. डब्याखाली असाच एक आहे: मोठ्या भावाला नाही म्हणणं त्याला जमत नाही, आणि जन्मभर कदाचित जमणारही नाही. मेसचा ठराव त्याला हात लावत नाही. पुतण्याची बारावी झाली की धाकटीला पाठवायचं का, हा फोन गावाहून येणारच. त्यासाठी तिनं वेगळी मागणी ठेवायला हवी: त्यानं भावाला लगेच हो न म्हणता ‘आठ दिवसांत कळवतो’ म्हणायचं, आणि त्या आठ दिवसांत एक रविवार आला पाहिजे.