आजीचं ‘कसाले?’ आणि एक्स्टर्नलचा दुसरा प्रश्न

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षेत पहिल्या प्रश्नाला सहसा कोणी अडत नाही. “काय करतेस?” “पाण्याची कठीणता काढतेय, सर.” “कशानं?” “ईडीटीएनं.” जर्नल घोकलेली मुलंही इथपर्यंत सुखरूप येतात. पुढचा प्रश्न मात्र जर्नलमध्ये नसतो, तो नुकत्याच दिलेल्या उत्तरातून निघतो. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकाच्या खुर्चीत मीही बसते, म्हणून सांगते, आम्ही प्रश्नांची यादी घेऊन येत नाही. समोरच्यानं जो शब्द जरा घाईघाईनं उरकला, तोच उचलतो.

दोन वर्षांपूर्वी अमळनेरकडच्या एका खेड्यातली मुलगी माझ्याकडे सरावाला यायची. प्रयोगासाठी तिनं घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. कॉनिकल फ्लास्कमध्ये ५० मिली पाणी घेतलं, थोडं बफर घातलं, रंग बदलून दाखवणारा निर्देशक म्हणून चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी टाकलं. पाणी वाइनसारखं लाल झालं. ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे पाणी कठीण करणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं द्रावण, सोडत गेली आणि १६.८ मिलीला रंग निळा झाला. हात अगदी स्वच्छ होता.

“निळा का झाला?” मी विचारलं.

“एंड पॉइंट आला म्हणून, मॅडम.”

“एंड पॉइंट आला हे कशावरून?”

“रंग निळा झाला म्हणून.”

आपण गोल फिरलो हे तिच्या लगेच लक्षात आलं आणि ती हसली. पण धडा तिनं कितीतरी वेळा वाचलेला होता आणि तो आपल्याला समजलाय याची तिला खात्रीही होती. ही खात्री फसवी असते, हे मानसशास्त्रात चांगलं तपासलेलं आहे. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेन, कुलूप, शिलाई मशीन अशा रोजच्या वस्तू कशा चालतात ते तुम्हाला किती समजतं, याला गुण द्या, असं त्यांनी लोकांना सांगितलं. मग एकेक पायरी लिहून समजवायला लावलं आणि पुन्हा गुण मागितले. दुसऱ्या वेळी लोकांनी स्वतःला कमी गुण दिले. वस्तू ओळखीची असली की ती समजलीच आहे असं वाटतं, आणि समजावायला बसल्यावर मधले दुवे गायब असल्याचं दिसतं.

परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा पुन्हा वाचत बसण्याची सवय मोडत नाही, यालाही कारण आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटानं उतारा चार वेळा वाचला, तर दुसऱ्यानं एकदाच वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. वाचनाचा फायदा लगेच हाती लागतो, म्हणून तो खरा वाटतो.

तिला मी एवढंच सांगितलं, की पुस्तक मिटून घरी कोणाला तरी हा प्रयोग मोठ्यानं समजाव आणि फोनवर रेकॉर्ड कर. घरी होती आजी. आजीला टायट्रेशन माहीत नव्हतं, पण या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे तिला नातीपेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि अहिराणीत तिच्याकडे एक जबरदस्त शब्द होता, ‘कसाले?’ म्हणजे ‘कशासाठी?’

रेकॉर्डिंग मी ऐकलंय. नात म्हणते, “निळं झालं की थांबायचं.” आजी म्हणते, “निळं कसाले व्हयनं?” मग बराच वेळ शांतता, मागे कुकरची शिट्टी. दुसऱ्या दिवशी पोरगी पुस्तक उघडून नेमका तेवढाच परिच्छेद वाचून आली आणि या वेळी वाक्य नीट निघालं. निर्देशक मूळचा निळा असतो. तो पाण्यातल्या मॅग्नेशियमला धरतो तेव्हा लाल दिसतो. ईडीटीए आधी मोकळे कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलतं. ते संपले की निर्देशकानं धरलेलं मॅग्नेशियमही ओढून घेतं, कारण त्याची पकड जास्त घट्ट असते. निर्देशक मोकळा होतो आणि आपला मूळ निळा रंग दाखवतो.

यातल्या प्रत्येक वाक्याला ‘कसाले?’ लावून बघायचं, हाच पुढचा सराव. बफर कसाले? पीएच १० च्या आसपास ठेवायला. दहाच कसाले? इथे तिनं उलटं विचारायला शिकून घेतलं, की कमी ठेवला तर काय बिघडेल आणि जास्त ठेवला तर काय. पीएच सहाच्या खाली गेला तर मोकळा निर्देशकसुद्धा लालच दिसतो, मग बदल दिसणार कुठून? शिवाय आम्लात ईडीटीएची मॅग्नेशियमवरची पकड ढिली पडते. पीएच बाराच्या वर गेला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि मोजणीतून सुटतं. ‘पीएच १० ठेवतात’ हे घोकलेलं वाक्य आता दोन्ही बाजूंनी कुंपण घातल्यासारखं पक्कं झालं.

उत्तरातला आकडा तर परीक्षकाची हक्काची जागा. ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ५० मिलीत १६.८, म्हणून लिटरला ३३६ मिलिग्रॅम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. मग मी विचारलं, “म्हणजे एक लिटर पाण्यात ३३६ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळलंय?” ‘हो’ म्हणणारे बहुसंख्य असतात. खरं तर ते मोजायचं माप आहे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन असतात, दोघांचा एकेक मोल सारखाच धरून सगळं कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत सांगतात, आणि त्याचं रेणुवस्तुमान १०० असल्यानं हिशोब सोपा जातो.

या पद्धतीत दोन खड्डे आहेत. आजी चूक पकडू शकत नाही. चुकीचं स्पष्टीकरण दहा वेळा मोठ्यानं बोललं तर तेही तितकंच सफाईदार होतं, म्हणून रेकॉर्डिंग ऐकताना पुस्तक शेजारी उघडं हवं. दुसरं, चांगलं जमलेलं उत्तर हळूहळू भाषण होतं. मध्येच कोणी तोडलं की पोरं पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतात, आणि तेव्हा आम्हाला ते पाठांतर ओळखू येतं. म्हणून मी तिला वाटेल तिथे थांबवायचे आणि उलट्या टोकापासून सांगायला लावायचे. एक दिवस ती वैतागलीही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या सरांनी बफर, रंग, ३३६ हे सगळं विचारलं. मग आम्ही कधीच न बोललेलं काढलं. “पाण्यात थोडं तांबं असेल तर?”

ती थांबली. “हे मी वाचलेलं नाही, सर.” मग फ्लास्ककडे बघत म्हणाली, “पण तांब्यानं निर्देशकाला फार घट्ट धरलं, तर ईडीटीएला ते सोडवता येणार नाही. मग रंग लालच राहील. एंड पॉइंट दिसणारच नाही.”

उत्तर बरोबर होतं. सरांनी मान हलवली आणि पुढचा रोल नंबर पुकारला.